तव्यावर टाकले की चापांना पाणी का सुटतं?

चाप तव्यावर टाकले, पहिलं अर्धं मिनिट छान चर्रर्र आवाज आला आणि मग आवाज बदलला. चापांच्या कडेनं राखाडी पाणी जमायला लागलं, त्यावर फेस धरला आणि तव्यावरचे चाप त्या पाण्यात रटरट उकळायला लागले. पाणी आटायला दहा मिनिटं गेली. मग कुठे रंग आला, पण तोवर मटण इतकं आक्रसलं होतं की हाडाला धरून दातांनी ओढावं लागलं.

माझ्या धाकट्या नणंदेनं गेल्या महिन्यात फोनवर हे सगळं असंच्या असं सांगितलं. तिसऱ्यांदा झालं होतं म्हणाली. दर वेळी तिनं वेगळं कारण धरलं होतं. एकदा मटण जून निघालं असं वाटलं, एकदा गॅस कमी पडला असं वाटलं, आणि शेवटच्या वेळी, "वहिनी, त्या व्हिडिओत दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटंच सांगितली होती, मी घड्याळ लावून केलं!" म्हणून ती चिडली होती. पुढच्या रविवारी मी तिला घरीच बोलावलं, आम्ही दोघींनी मिळून चाप आणले आणि दुसऱ्या दिवशी केले. त्या वेळी काय काय बदललं आणि का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण ही तक्रार मला बऱ्याच जणांकडून ऐकू येते आणि मूळ बहुतेक वेळा एकच असतं.

आधी त्या तीन-तीन मिनिटांबद्दल. परदेशी व्हिडिओंमधले चाप मेंढीच्या कोकराचे असतात. कोकराच्या पाठीचा मांसल भाग मोठा असतो, त्याला बाहेरून चरबीचा जाड थर असतो, आणि चाप अडीच ते तीन सेंटीमीटर जाड कापलेले असतात. आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेक ठिकाणी बोकडाचं. कोवळ्या बोकडाच्या एका बरगडीवरचा मांसाचा गोळा जेमतेम लिंबाएवढा, चरबी कमी, आणि खाटीक एकेक बरगडी वेगळी करून देतो तेव्हा जाडी येते एक ते सव्वा सेंटीमीटर. एवढ्या पातळ तुकड्याला तीन-तीन मिनिटं म्हणजे फार झाली. त्यामुळे घड्याळ बरोबर असूनही चाप बिघडतात.

पाणी सुटण्याचं खरं कारण

मटणावर तो तपकिरी, खमंग थर यायला पृष्ठभागाचं तापमान साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. पण जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या पुढे जातच नाही. आच कितीही मोठी ठेवा, आधी ते पाणी वाफ होऊन जाणार आणि मगच रंग येणार. आणि पाण्याची वाफ करणं फार खर्चिक असतं. बर्फासारखं गार पाणी उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे चापावर राहिलेलं चमचाभर पाणी तव्यातली साठलेली सगळी धग पिऊन टाकतं.

तवा असा एकदा थंडावला की दुष्टचक्र सुरू होतं. रंग येत नाही म्हणून आपण चाप जास्त वेळ ठेवतो. आतलं मांस तापून आक्रसतं आणि स्वतःचा रस बाहेर पिळतं. तो रस पुन्हा तव्यावर येतो आणि तवा आणखी थंडावतो. मटणात पाणी भरलेलं होतं अशी शंका आपल्याला येते, पण बहुतेक वेळा ते पाणी बाहेरून भरलेलं नसतं. चापाला लागलेल्या ओलाव्यानं सुरुवात होते आणि पुढचं सगळं मांसातून पिळून निघालेलं असतं.

नणंदेनं काय काय केलं होतं ते मी तिला एकेक करून विचारलं. चाप धुतले, चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवले, आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, तिखट आणि दोन चमचे दही लावून तासभर मुरवले. मग पातळ नॉनस्टिक पॅन मध्यम आचेवर दोन मिनिटं तापवून त्यात एकदम आठ चाप ठेवले. यातली प्रत्येक गोष्ट आपण मटणाच्या रश्श्याला किंवा सुक्याला करतोच आणि तिथे ती योग्यच आहे. तव्यावर झटपट भाजायचं असेल तर मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीनं तव्यावर थोडं थोडं पाणी आणलं.

खाटकाकडेच निम्मं काम होतं

त्या रविवारी आम्ही आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो आणि मी म्हटलं, "मामा, चाप जोडीनं काढा. दोन बरगड्या एकत्र ठेवा, मधलं एक हाड काढलंत तरी चालेल." त्यांनी विचारलं, "भाजायला का वहिनी?" आणि खांद्याच्या मागून, पाठीच्या मधल्या भागातून जोडीचे सहा चाप काढून दिले. सहा मिळून साडेसहाशे ग्रॅम, जाडी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. हा एक बदल सगळ्यात मोठा आहे. जाड तुकड्यात बाहेर रंग येईपर्यंत आतलं मांस जास्त शिजत नाही. पातळ तुकड्यात तेवढी सवलतच नसते.

भाग कुठला आहे हेही बघा. "चाप" म्हणून कधी कधी मानेकडचे किंवा छातीकडचे तुकडेही येतात. त्यात पांढरे चिवट पडदे आणि स्नायूंच्या गाठी असतात, त्या मऊ व्हायला तास-दीड तास ओलसर शिजवणंच लागतं. ते पाच-सहा मिनिटांच्या भाजण्याचं काम नाही. पाठीकडचा, मांसाचा एकच अखंड गोल गोळा दिसणारा तुकडा हवा. हाडं बारीक आणि लालसर, मांस फिकट गुलाबी असेल तर बोकड कोवळा. हाड जाड, मांस गडद लाल आणि धागे भरड दिसत असतील तर तो चाप सरळ कुकरला लावा. हिंग, हळद, मीठ घालून आधी शिजवून घ्यावा आणि मग तुपावर मिनिटभर परतून रंग आणावा. घराघरांत पूर्वीपासून असंच करतात आणि जून मटणाला तेच बरोबर आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण सकाळी कापलेलं मटण दुपारी खातो आणि ताजं म्हणून ते चांगलं मानतो. रश्श्याला ते चालतं. पण जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि त्या अवस्थेतलं मटण झटपट भाजलं तर कोवळ्या बोकडाचंही चिवट लागतं. फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवलं की स्नायू पुन्हा सैल पडतात. म्हणून आम्ही रविवारी आणलेले चाप सोमवारी संध्याकाळी केले. फ्रीजच्या खालच्या थंड कप्प्यात ठेवले, फ्रीझरमध्ये नाही.

कोरडं करणं, मीठ आणि वाटणाचं काय

मटण धुवायचंच असेल तर माझी ना नाही, आमच्याकडेही सासूबाईंना न धुतलेलं चालत नाही. पण निथळणं पुरेसं नाही. धुऊन झाल्यावर प्रत्येक चाप जाड टिश्यू पेपरनं किंवा त्यासाठीच ठेवलेल्या सुती फडक्यानं दाबून टिपायचा. दोन्ही बाजू, कडा आणि हाडाजवळची खोबण. त्या खोबणीत सगळ्यात जास्त पाणी अडकतं. टिपून झाल्यावर बोटानं चाप चाचपला तर तो किंचित चिकट लागला पाहिजे, बुळबुळीत नाही.

मीठ दोनच वेळी लावायचं. एक तर तव्यावर टाकायच्या अगदी आधी, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधली वेळ वाईट. मीठ लावल्यावर पहिली दहा-वीस मिनिटं ते मांसातलं पाणी ओढून वर आणतं, चापावर दवासारखे थेंब दिसतात. त्याच वेळी चाप तव्यावर टाकला तर ओलाच पडतो. पाऊण तासानं तेच खारं पाणी पुन्हा आत मुरलेलं असतं. आम्ही साडेसहाशे ग्रॅमला सपाट चमचाभर, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास मीठ लावून चाप सकाळी स्टीलच्या जाळीवर ठेवले, जाळीखाली ताट, वर झाकण नाही, आणि तसेच फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत. फ्रीजची कोरडी हवा वरचा थर सुकवते. संध्याकाळी चापांचा रंग थोडा गडद झाला होता आणि पृष्ठभाग कागदासारखा कोरडा लागत होता. नणंद म्हणाली, "हे खराब तर नाही ना झालं?" नाही, हेच हवं होतं.

आता वाटणाचा प्रश्न. आलं-लसूण आणि दही लावलं की पृष्ठभागावर पाण्याचाच थर बसतो, आणि ते पाणी उडालं की लसूण आधी जळतो, मांस नंतर भाजलं जातं. लाल तिखट तर या आचेवर काही सेकंदांत काळं आणि कडू होतं. ज्यांना मुरवलेलीच चव हवी आहे त्यांनी खुशाल मुरवावं, पण भाजण्याआधी सुरीच्या पाठीनं वाटण खरवडून काढावं, चाप टिपून कोरडा करावा आणि खरवडलेलं वाटण नंतर त्याच तव्यात तेलावर परतून चापांना लावावं. कच्च्या पपईचा गर लावत असाल तर अर्ध्या तासापलीकडे ठेवू नका. वरचं मांस पिठूळ होतं आणि पिठूळ मांसावर खमंग थर धरत नाही.

तवा आणि आच

या कामाला जाड बुडाचं भांडं हवं. बिडाचा सपाट डोशाचा तवा घरात असेल तर त्याहून चांगलं काही नाही. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की धग धरून ठेवतं, आणि थंड चाप पडला तरी लगेच ढेपाळत नाही. पातळ नॉनस्टिक पॅनकडे ती साठवणच नसते. शिवाय तो लेप रिकामा असताना एवढा कडक तापवायचा नसतो, तापवला तर खराब होतो आणि त्यातून निघणारा धूरही बरा नाही. खोलगट भाकरीचा तवाही इथे अडचणीचा, कारण तेल आणि रस दोन्ही मध्ये जमतात आणि कडेचे चाप कोरडे राहतात.

बिडाचा तवा मोठ्या शेगडीवर मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट मोठ्या आचेवर तापवायचा. घाईनं सुरुवातीपासून मोठी आच ठेवली तर मध्यभाग कडक आणि कडा गार राहतात. तापला की नाही हे बघायला ओल्या बोटांनी एक थेंब टाकायचा. थेंब पसरून चुर्र होऊन उडाला तर तवा अजून कच्चा आहे. थेंबाची गोळी झाली आणि ती पाऱ्यासारखी तव्यावर पळायला लागली, तर तवा दोनशे अंशांच्या आसपास किंवा वर पोचला. मग फडक्यानं पुसून चमचाभर रिफाइंड शेंगदाणा तेल घालायचं. घाण्याचं तेल मला स्वयंपाकात फार आवडतं, पण ते इथे लवकर धुरकटतं आणि कडवट होतं. तेलावर लाटा दिसायला लागल्या आणि धुराची पहिली रेघ उठली की चाप टाकायचे. घरात धूर होणारच, पंखा आणि खिडक्या आधीच उघड्या असू द्या.

आमचा तवा २६ सेंटीमीटरचा. त्यावर एका वेळी तीनच चाप. एकमेकांमध्ये दोन बोटं जागा हवी, म्हणजे वाफ बाजूनं निघून जाते. आठ चाप दाटीनं ठेवले की त्यांच्यामधली वाफ अडकते आणि चाप भाजण्याऐवजी वाफवले जातात. दोन हप्त्यांत करायला आठ-नऊ मिनिटं जास्त लागतात, पण पाणी आटवत बसायला जातात त्याहून ती कमीच.

प्रत्यक्ष मिनिटं

चाप टाकण्याआधी कडेच्या चरबीला आणि तिच्याखालच्या पांढऱ्या पडद्याला दोन-तीन ठिकाणी सुरीनं चिरा द्यायच्या. तो पडदा तापला की मांसापेक्षा जास्त आखडतो आणि चाप वाटीसारखा वाकतो. मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. भाजल्यावर कडेला काळं आणि मध्ये राखाडी असा चाप दिसला, तर कारण हेच.

आम्ही आधी तिन्ही चाप चिमट्यानं उभे धरून चरबीच्या कडेवर टेकवले, आच मध्यम करून दीड मिनिट. चरबी थोडी वितळली, कड सोनेरी झाली, आणि तव्यावर बोकडाचीच चरबी आली. मग आच पुन्हा मोठी करून चाप आडवे टाकले आणि उलथन्यानं प्रत्येकावर दहा सेकंद दाब दिला. एवढाच दाब, नंतर नाही. मध्येच दाबत राहिलं तर रस बाहेर येतो.

इथे कान देऊन ऐकायचं. कोरडा, तडतडणारा, एकसारखा आवाज म्हणजे काम बरोबर चाललंय. तो आवाज बसका होऊन बुडबुड ऐकू आली तर पाणी साचायला लागलं. पहिली बाजू अडीच मिनिटं. पहिल्या मिनिटात चाप तव्याला चिकटलेला असतो, ओढू नका. थर धरला की तो आपणहून सुटतो. नणंदेनं दोन मिनिटांनी चिमटा लावला, चाप हलला नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा लावला आणि अलगद उचलला गेला. खालची बाजू खारकेच्या रंगाची झाली होती. दुसरी बाजू दोन मिनिटं, कारण तोवर चाप आतून तापलेला असतो.

शेवटी आच मंद करून चमचाभर तूप, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि कढीपत्ता. तवा तिरका करून ते फेसाळलेलं तूप चमच्यानं अर्धा मिनिट चापांवर ओतत राहायचं. काळा मसाला किंवा मिरपूड घालायची ती याच तुपात, आता जळण्याइतकी आच उरलेली नसते.

हे झालं जोडीच्या अडीच सेंटीमीटरच्या चापांचं. एकेरी, सेंटीमीटरभर जाडीचे चापच मिळाले असतील तर हिशोब वेगळा. ते फ्रीजमधून काढून थेट तव्यावर टाका, बाहेर ठेवूच नका. आतून गार असले की बाहेर रंग यायला थोडी जास्त सवड मिळते. सगळा रंग एकाच बाजूला आणायचा: पहिली बाजू पावणेदोन मिनिटं मोठ्या आचेवर, दुसरी फक्त तीस-चाळीस सेकंद. वाढताना भाजलेली बाजू वर. दोन्ही बाजूंना सारखा रंग आणायच्या नादात पातळ चाप नेहमी वाळतो.

खिम्याच्या कटलेटला यातलं काहीच लागू करू नका. खिमा आतपर्यंत पूर्ण शिजलाच पाहिजे, त्यामुळे आच मध्यम आणि वेळ जास्त.

किती शिजवायचं आणि मग थांबायचं

सुईचा थर्मामीटर असेल तर तो चापाच्या बाजूनं, मांसाच्या मध्यावर खुपसायचा. हाडाला टेकला तर आकडा चुकतो. अखंड तुकड्याच्या मटणासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे ६३ अंश आणि त्यानंतर निदान तीन मिनिटं विश्रांती. मी चाप ६० ला तव्यावरून उतरवते, जाळीवर तो स्वतःच्याच धगीनं तीन-चार अंश चढतो. उतरल्यावर एकदा पुन्हा सुई लावून ६३ झाले का ते बघते. आत फिकट गुलाबी राहतो आणि रस पारदर्शक गुलाबीसर निघतो. आमच्या सासऱ्यांना गुलाबी अजिबात चालत नाही, त्यांचे चाप मी मंद आचेवर आणखी दोन-अडीच मिनिटं ठेवून ६८ ला उतरवते. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठीही असंच पूर्ण शिजवा. पण बोकडाचं मांस चरबीला कमी असल्यामुळे सत्तरच्या पुढे ते झपाट्यानं कोरडं पडतं, हे लक्षात ठेवून तिथेच थांबा. थर्मामीटर नसेल तर चापाच्या मध्यावर बोट दाबा. बोट रुतलं आणि खड्डा तसाच राहिला तर कच्चा, दाबल्यावर लगेच उसळून वर आला तर झाला, आणि दाबलंच जात नसेल तर वेळ टळून गेली.

उतरल्यावर चाप पाच मिनिटं जाळीवर ठेवायचे. ताटलीत नाही आणि झाकणाखाली तर मुळीच नाही. झाकणाखाली वाफ धरली की इतक्या मेहनतीनं आणलेला खमंग थर पाच मिनिटांत ओला पडतो. थंडी असेल तर वर फॉइल सैल टाकावी, बाजू उघड्या ठेवून.

नणंदेला हे थांबणं पटत नव्हतं, म्हणून आम्ही करूनच बघितलं. पहिल्या हप्त्यातला एक चाप तव्यावरून उतरवल्या उतरवल्या कापला. पांढऱ्या बशीत लगेच रसाचं थारोळं झालं, दोन चमचे तरी असेल, आणि कापलेली बाजू बघता बघता फिकट, कोरडी दिसायला लागली. दुसरा पाच मिनिटांनी कापला. बशीत थोडासाच रस उतरला आणि कापलेली बाजू ओलसर, चमकदार राहिली. गरम असताना बाहेरचे धागे आवळलेले असतात आणि रस पातळ असतो, त्यामुळे सुरी लागताच तो वाहून जातो. थोडं निवल्यावर धागे सैलावतात, रस किंचित दाट होतो आणि जागच्या जागी राहतो. पातळ एकेरी चापांना तीन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त ठेवले तर ते गारच होतात.

आणि गार झालेला चाप वाईट लागतो याला कारण आहे. बोकडाची आणि मेंढीची चरबी लवकर थिजते, मग ती टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून ताटल्या कोमट करून ठेवा. गरम पाण्यात बुडवून पुसल्या तरी चालतं.

पाणी सुटलंच तर

एवढं करूनही एखाद्या दिवशी तवा नीट तापलेला नसतो आणि ती बुडबुड ऐकू येते. अशा वेळी पाणी आटायची वाट बघत बसू नका. चाप लगेच ताटात काढा. तव्यातलं पाणी वाटीत ओता, फेकू नका, त्यात चव आहे. तवा पुसून पुन्हा थेंबाची गोळी पळेपर्यंत, म्हणजे तीनेक मिनिटं तापवा. तोवर चाप टिश्यूनं टिपून कोरडे करा. मग थोडं तेल घालून दर बाजूला जास्तीत जास्त एक मिनिट. चाप आतून अर्धे शिजलेले असतात, त्यामुळे फक्त रंगापुरतं भाजायचं. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच हे केलं तर चाप वाचतात. पाच-सहा मिनिटं पाण्यात उकळून झाले असतील तर मात्र भाजण्याचा नाद सोडा, वाटीतलं पाणी आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून सरळ कुकरला लावा आणि त्याचं सुकं करा.

सोमवारी आमच्या दुसऱ्या हप्त्यात असंच होता होता राहिलं. पहिले तीन चाप काढल्यावर नणंद लगेच पुढचे टाकायला निघाली होती. मी तिला थांबवलं, तवा पुसायला लावला आणि दोन मिनिटं रिकामाच तापू दिला. पहिल्या हप्त्यानं त्यातली बरीच धग नेलेली असते, आणि तव्यावर उरलेला लसणाचा चुरा पुढच्या चापांना कडू करतो. मग तिनं थेंब टाकला, गोळी पळाली, आणि चाप पडल्यावर आवाज शेवटपर्यंत तडतडीत राहिला. जाळीखालच्या ताटात उतरलेला रस तिनं तव्यातल्या तुपात परत ओतला, अर्धं लिंबू पिळलं आणि तेवढंच चापांवर घालून वाढलं. सासऱ्यांनी आपले दोन संपवून तिसरा मागितला. पण तो आतून गुलाबी होता, तेव्हा तो आधी पुन्हा तव्यावर गेला.